आज आमचा वार

सप्टेंबरातला दुसरा रविवार, सकाळचे अकरा. रक्कम तीन लाख साठ हजार रुपये. हजर चौघे: मी, माझी बायको, तिचा धाकटा भाऊ आणि कुरुळीतल्या एका गाळ्याचे मालक. बैठक चऱ्होलीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलाशी. रकमेतले दीड लाख गाळ्याच्या अनामतीचे होते. उरलेले दोन लाख दहा हजार शेगड्या, धूर ओढणारी चिमणी, फ्रीज आणि स्टीलच्या ओट्यासाठी. सगळे पैसे मेहुण्याचे. त्या दिवशी टोकन म्हणून पंचवीस हजार मालकांना दिले गेले, तेवढे माझ्या खात्यातून, कारण मेहुण्याची एफडी सोमवारी मोडायची होती. करार पुढच्या रविवारी.

मालक चहा बशीत ओतत म्हणाले, "चालंल ना पर हितं? आमच्याकडं समदी कंपनीची पोरं. मेसला जेवत्यात."

मी त्यांच्यापुढे लॅपटॉप फिरवला. "चऱ्होलीत सहा आठवडे चालवून बघितलंय," मी म्हणालो. "अंदाजानं बोलत नाही मी."

मेहुण्याने मालकांकडे असं बघितलं, जसं आपल्या पोराचा निकाल लागल्यावर बाप शेजाऱ्याकडे बघतो. ते बघणं मला अजून आठवतं, आणि आठवलं की मी हातातलं काम सोडून उगाच दुसऱ्या खोलीत जातो.

मी सत्तावीस वर्षं वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात होतो. बाहेरून आलेला माल तपासायचा, नमुना मोजायचा, मापात नसेल तर सगळा लॉट परत पाठवायचा, हे माझं काम. कंपनीने एक लाईन बंद केली तेव्हा स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा त्यांची होती, निवृत्ती माझी. आठ महिने घरी बसलो. मग बायकोच्या हातची चव आणि माझा हिशोब अशी जोडी करून क्लाऊड किचन काढायचं ठरलं. म्हणजे बसून खायला जागा नाही, पाटी नाही. फक्त स्वयंपाकघर, आणि ऑर्डर मोबाईलवरून. सोसायटीत धंदा करायला परवानगी नसते, म्हणून मागच्या रस्त्यावर एक छोटा गाळा भाड्याने घेतला. अन्नपरवान्याची नोंदणी केली, धंद्याचा गॅस घेतला, दोन मदतनीस बायका ठेवल्या.

पहिल्या दिवसापासून मला तीन ठिकाणी किचन दिसत होतं: चऱ्होली, कुरुळी, थेरगाव. पण मी उडी मारणारा माणूस नाही. आधी एकाच भागात, गाजावाजा न करता चालवून बघायचं, आणि तिथले आकडे पटले तरच पुढचा गाळा. ॲपवर अंतर तीन किलोमीटरच ठेवलं. फक्त संध्याकाळी सात ते साडेदहा. फक्त सहा पदार्थ. जाहिरात नाही आणि सवलतही नाही, कारण सवलत संपली की खरं गिऱ्हाईक किती ते कळतं, आणि मला ते आधीच कळायला हवं होतं. ऑर्डर आल्यापासून डबा बंद होईपर्यंत किती मिनिटं लागतात, कुठला डबा गळतो, कुठली भाजी उरते, सगळं मी रोज लिहीत होतो.

दोन कसोट्या ठरवल्या होत्या. ॲपचं कमिशन, भाडं, गॅस, पगार, डबे हे सगळं जाऊन खर्च निघायला दिवसाला अठरा ऑर्डरी लागत होत्या. आणि शंभर ऑर्डरींत निदान चाळीस तरी परत आलेल्या गिऱ्हाइकाच्या हव्यात. एकदा कोणीही मागवतो. दुसऱ्यांदा मागवतो तो जेवणासाठी.

ओळखीच्यांच्या ऑर्डरी आकड्यात धरायच्या नाहीत हेही मला ठाऊक होतं. म्हणून आमच्या विंगमधल्या आणि नातेवाइकांच्या ऑर्डरी मी रोज वजा करत होतो. या गोष्टीचा मला फार अभिमान होता. मेहुण्याला मी तीनदा सांगितलं असेल, "आपल्या माणसांचं मी धरलेलंच नाही बरं का. हे सगळे परके."

सहा आठवड्यांची सरासरी आली दिवसाला एकवीस. परत आलेल्या गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी शंभरात छप्पन्न. शेरे बहुतेक पाच तारे. "घरची आठवण झाली", "अगदी आईच्या हातची चव". मी बायकोला वाचून दाखवायचो. ती म्हणायची, "हो का. बरं." आणि कांदा चिरायला वळायची. मला वाटायचं ती लाजते.

मेहुणा कुरुळीतच एका कंपनीत आहे, तिथेच भाड्याच्या दोन खोल्यांत बायको आणि मुलगी घेऊन राहतो. ती एफडी त्याने फ्लॅटच्या बुकिंगसाठी जमवली होती. मी मागितली नव्हती, पण आकडे मी दाखवले होते.

टोकन दिल्यानंतरचा गुरुवार. आमचा डबे पोचवणारा माणूस फोन करून म्हणाला, "काका, गाडीची चेन तुटली, आळंदी रोडला उभा आहे." दोन डबे तयार होते. बायको म्हणाली, "थांबा, येईल तो." मी म्हणालो, "पस्तीस मिनिटांच्या वर जाता कामा नये," आणि हेल्मेट घालून स्कूटर काढली. ती मागून काहीतरी बोलली, ते मी ऐकलं नाही.

पहिला डबा शेजारच्या सोसायटीत, चौथ्या मजल्यावर. दार उघडंच होतं. दाराशी खुर्ची टाकून एक म्हातारी बसली होती. गावातल्या जुन्या घरातली, जमिनीच्या बदल्यात त्यांना तिथे फ्लॅट मिळाले होते. आतून मेथीच्या फोडणीचा वास येत होता. ज्या घरी मेथी फोडणीला पडली आहे त्या घरी मी भाजी-भाकरीचा डबा घेऊन उभा होतो.

"आला व्हय डबा? ठिव बाबा तितं," म्हातारी म्हणाली. "आज आमचा वार हाय न्हवं."

"कसला वार, आजी?"

"डब्याचा. एक दिस आमचा, एक दिस त्या समोरचीचा. भिशीतल्या समद्या बायांनी वार लावून घेतल्याती. त्या वहिनीच्या मालकाला कामावरनं काढलं म्हनं. घरात बसून बसून बिचाऱ्याचं डोकं फिरायचं. मग त्यानं ह्यो धंदा काढला."

मी हेल्मेट काढलं नाही. का विचारलं ते मला सांगता येणार नाही, पण विचारलं. "मग जेवण कसं असतं, आजी?"

"कुनाला ठावं! आमच्याकडं कोन खातंय? खाली वाचमन हाय ना, त्यो न्हेतो. गरीब हाय, दुवा देतो." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "तुला किती देत्यात रं पगार? देत्यात ना वेळच्या वेळी?"

तेवढ्यात आतून तिची सून हातात झारा घेऊन बाहेर आली. ती माझ्या बायकोच्या भिशीत पहिल्यापासून आहे. माझ्या हातातला डबा, माझं पोट, माझा शर्ट असं बघत तिची नजर हेल्मेटवर आली.

"अगंबाई. भाऊजी?"

मी म्हणालो, "एकशे ऐंशी झाले, पण ते तुम्ही ऑनलाईन भरलेत." आणि जिन्याने उतरलो. लिफ्टची वाट बघण्याइतका वेळ तिथे उभं राहवलं नाही.

खाली वॉचमन होता. तो मला रोज नमस्कार करायचा, आणि एकदा म्हणाला होता, "साहेब, कांदा जरा जास्त टाकत जा की डब्यात." मला तेव्हा वाटलं होतं, आपलं नाव पसरतंय. त्याने त्याही दिवशी नमस्कार केला. मी केला नाही. ते चुकलंच, त्याचा यात काही दोष नव्हता.

आमची भिशी म्हणजे बायकोने नऊ वर्षांपूर्वी सुरू केलेली अठ्ठावीस बायकांची. तीन सोसायट्यांत मिळून. त्यातल्या चौघी आमच्या विंगमधल्या, ज्यांना मी रोज मोठ्या कसोशीने वजा करत होतो. उरल्या चोवीस. एक दिवस बारा घरं, दुसऱ्या दिवशी उरलेली बारा. कधी नवऱ्याच्या फोनवरून, कधी मुलाच्या, म्हणून नावं वेगवेगळी दिसायची. एकवीसमधून बारा गेल्या की नऊ उरतात. अठरा हव्या होत्या.

परत येणाऱ्यांचा आकडा मी रात्री पुन्हा काढला. खऱ्या परक्या गिऱ्हाइकांत शंभरातल्या अकरा.

हे शोधायला काही हुशारी लागत नव्हती. सहा आठवड्यांत तीच ती मोजकी गिऱ्हाइकं एक दिवसाआड येत होती, बाकीची एकदा येऊन जात होती. मी सरासरी बघितली, ती कोणामुळे येते हे बघितलं नाही. कंपनीत एखाद्या पोराने असा रिपोर्ट आणला असता तर मी त्याच्यासमोर फाडला असता. फाडलेतही.

शुक्रवारी सकाळी चहा घेताना बायकोला विचारलं, "तुला माहीत होतं?"

ती म्हणाली, "पहिल्या आठवड्याचं माहीत होतं. मीच म्हणाले होते, बोहनी करा म्हणून. दुकान उघडलं की ओळखीचीच माणसं पहिल्यांदा येतात ना? मग मी त्यांना सांगितलं, आता बास."

"मग?"

"मग त्यांनी मला सांगायचं बंद केलं. वार लावलेत हे मलाही परवा कळलं. लॉकडाऊनमध्ये मी सगळ्यांना डबे दिले होते ना, ते त्यांच्या डोक्यात. 'तू गप बस गं, तुझे डबे खाल्लेत आम्ही,' म्हणाल्या."

"परवा म्हणजे कधी?"

"टोकन दिल्यावर." तिने कप खाली ठेवला. "अहो, तुम्ही आठ महिन्यांनी पहिल्यांदा शीळ घालत होतात आंघोळीला जाताना. कसं सांगणार होते मी?"

आता इथे जे लिहायचं ते मला टाळावंसं वाटतं. खरं तर शुक्रवारीच मी मेहुण्याकडे जायला हवं होतं. एफडी मोडून झाली होती, पण पैसे अजून त्याच्याच खात्यात होते. मी गेलो नाही. शुक्रवारचा सगळा दिवस मी लॅपटॉपपुढे बसून हे बघत होतो की दिवसाला नऊ ऑर्डरी धरूनही कुरुळी चालू करता येईल का. भाडं तिथे कमी, माणसं जास्त, सकाळची शिफ्ट धरली तर, थाळीची किंमत कमी केली तर, दोन मदतनिसांऐवजी एक ठेवली तर. दुपारी चारच्या सुमाराला कागदावर कुरुळी नफ्यात आली. मी आकड्यांना इतकं वाकवलं होतं की ते माझ्याच बाजूने बोलायला लागले. सत्तावीस वर्षं ज्या माणसांना मी हेच करताना पकडलं, त्यांचे चेहरे त्या वेळी डोळ्यांपुढे यायला हवे होते. आले नाहीत. बायको माझ्या खांद्यावरून बघून म्हणाली, "हे माझ्या भावाचे पैसे आहेत," आणि गाळ्यावर निघून गेली. तेव्हा मी लॅपटॉप बंद केला.

शनिवारी तीन वाजता पहिली शिफ्ट सुटते. मी कुरुळीत त्याच्या कंपनीच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर उभा राहिलो. तो दोन मित्रांबरोबर बाहेर आला. मला बघून लांबूनच ओरडला, "अरे, दाजी! गाळा बघायला आलात काय?" मग मित्रांना म्हणाला, "हे आमचे दाजी. उद्यापासून तुमची मेस बंद, यांच्याकडे जेवायचं."

एक मित्र म्हणाला, "भावा, उधारी चालंल का पण?"

"दाजींकडे? राव, पैसा-पैसा मोजून घेतील ते."

ते हसत गेले. मग मी त्याला सांगितलं. म्हातारी, वार, वॉचमन, नऊ ऑर्डरी, सगळं. चहा गार झाला. मग तो मोठ्याने हसला.

"म्हणजे ताईच्या भिशीच्या जिवावर मी इथं किचन टाकणार होतो."

"हो."

"आणि जेवण वॉचमन खात होता."

"हो."

"मग तो तरी खुश होता का?"

"कांदा जास्त हवा होता त्याला," मी म्हणालो.

तो पुन्हा हसला, पण अर्ध्यात थांबला. "सोमवारी बँकेतला माणूस म्हणाला, आत्ता मोडली तर व्याज कमी मिळेल. बायको म्हणाली, अजून एकदा विचार करा. मी तिला काय सांगितलं माहितीये? दाजींनी आकडे काढलेत. दाजींचा आकडा चुकत नाही." त्याने ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला. "तुम्हाला गुरुवारी कळलं. आज शनिवार. काल काय करत होतात?"

मला खोटं बोलता आलं असतं. तब्येत, पाहुणे, काहीही. मी म्हणालो, "काल बघत होतो, तरीही चालेल का ते."

त्याने हेल्मेट घातलं, गाडीला किक मारली, आणि निघताना मान न वळवता म्हणाला, "मालकांना तुम्ही सांगा." आमच्यात आजही सगळं नीट आहे, दिवाळीला येतो, जेवतो. फक्त आता माझ्यासमोर तो कशाचाही हिशोब विचारत नाही.

मालकांच्या घरी मी तसाच गेलो. ते गोठ्यापाशी होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्या तवाच म्हनलं व्हतं, पोरं मेसला जेवत्यात." मी टोकनाचा विषय काढला नाही. त्यांनी काढला. "दुसरं गिऱ्हाईक लावलं व्हतं परत, तुमच्यापायी. टोकन म्हंजी टोकन, काय?" मी म्हणालो, "बरोबर आहे तुमचं."

राहिल्या भिशीच्या बायका. सहा आठवडे, रोज बारा ऑर्डरी, म्हणजे पाचशेच्या वर डबे. मी घरटी रक्कम काढून चोवीस पाकिटं केली आणि पुढची भिशी आमच्याकडे होती तेव्हा दिवाणखान्यात नेऊन ठेवली. मी आत जायच्या आधीच एकीने पाकिटं गोळा करून माझ्या हातात परत दिली.

"भाऊजी, मग आम्ही त्या वर्षीच्या डब्यांचे किती द्यायचे तेही काढून ठेवा," ती म्हणाली. "तुम्हाला येतं ना काढता."

मी म्हणालो, "निदान एक सांगा. जेवणात काय चुकत होतं?"

त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी दारातल्या म्हातारीची सून म्हणाली, "राग नका धरू. वहिनींच्या घरी बसून जेवलं तर बोटं चाटतो आपण. पण डब्यातली भाकरी चामड्यासारखी. आणि भाजीला वहिनींचा हात नाही हो. कोणी वजन करून केल्यासारखी लागते."

वजन मीच करत होतो. मिठाचे ग्रॅम, तिखटाचे ग्रॅम, भाकरीचं पीठ इतकं, तव्यावर इतके सेकंद. तिन्ही ठिकाणी एकच चव यावी म्हणून. गरम भाकऱ्या एकावर एक ठेवून फॉईलमध्ये घट्ट गुंडाळायच्या, हाही नियम माझाच. त्या आत घाम धरून ओल्या व्हायच्या आणि दारात पोचेपर्यंत चिवट. बायकोने दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं, "भाकरी जरा वाफ जाऊ देऊन बांधू." मी म्हणालो होतो, त्यात चार मिनिटं जातात.

चऱ्होलीचं किचन आम्ही बंद केलं नाही. चाचणी नव्याने सुरू केली. भिशीतल्या कोणीही मागवायचं नाही, हे बायकोने सगळ्यांना शपथ घालून सांगितलं. पदार्थ सहाचे चार केले, भाकरी काढून पोळी ठेवली, मीठ आता ती हाताने घालते. पहिल्या आठवड्यात दिवसाला सात ऑर्डरी आल्या. एकाने दोन तारे देऊन लिहिलं, "डाळ पाणचट." तो शेरा मी दोनदा वाचला, कारण तो माझ्या ओळखीच्या कोणीही लिहिलेला नव्हता. आता बारा-तेरा होतात. अठरा होईपर्यंत दुसऱ्या जागेचं नाव घरात कोणी काढत नाही.

वारांचं उघड झालं त्याच पंधरवड्यात एकदा संध्याकाळी त्या सोसायटीच्या गेटशी म्हातारी भेटली होती. सून तिला काहीतरी बोलली असणार. माझा हात धरून म्हणाली, "म्या बोलाया नको व्हतं रं बाबा. मला काय ठावं तूच मालक. माफ कर." मी म्हणालो, "आजी, तुमचं काही चुकलं नाही." ती ऐकेना. त्या पंधरवड्यात माझी माफी मागणारी ती एकटी होती, आणि खरं सांगणारीही ती एकटीच होती. मी तिच्या पाया पडायला वाकलो, तर ती म्हणाली, "पगार मिळतो ना पर?" मी हो म्हणालो.

शेवटी दिलं गेलं ते असं. गाळामालकांना टोकनाचे पंचवीस हजार, ते परत मागितले नाहीत. मुदतीआधी एफडी मोडल्याने बुडालेलं व्याज, अकरा हजार चारशे, मेहुण्याला; त्याने घेतलं नाही, म्हणून त्याच्या बायकोला दिलं, तिने मोजून घेतलं. भिशीच्या बायकांना काही नाही.